थकबाकीचं कबुलीपत्र लिहून घेताना या चुका टाळा

पार्टी म्हणते, "सध्या हात तंग आहे, पण तुमचे पैसे बुडवणार नाही. लिहून देतो." आपल्याला हायसं वाटतं आणि लेटरहेडवर चार ओळी लिहून घेऊन आपण निघतो. पुढे दावा लावायची वेळ आली की त्या चार ओळींत काय राहून गेलं ते कळतं.

एक उदाहरण घेऊ. भोसरी एमआयडीसीतला एक बॉक्स उत्पादक पिरंगुटच्या मसाला कारखान्याला माल देतो, उधारी 30 दिवसांची. 12 जून 2022 चं बिल 2,40,000 रुपयांचं आणि 5 सप्टेंबर 2022 चं 1,85,000 रुपयांचं. दोन्ही पूर्ण थकली आहेत. मसालेवाल्याने 20 ऑगस्ट 2025 ला पत्रावर सही केली: "आपली 4,25,000 रुपये बाकी आहे हे मान्य आहे."

इथे सगळ्यात मोठी चूक झाली आहे. ठरलेल्या मुदतीने उधार दिलेल्या मालाच्या पैशांसाठी दावा लावायला उधारीची मुदत संपल्यापासून तीन वर्षं मिळतात. दुसऱ्या बिलाची मुदत 5 ऑक्टोबर 2025 पर्यंत होती. त्याआधी सही झाल्यामुळे लिमिटेशन अॅक्टच्या कलम 18 प्रमाणे त्या बिलाला सहीच्या तारखेपासून नवी तीन वर्षं मिळाली. पहिल्या बिलाची मुदत मात्र 12 जुलै 2025 लाच संपली होती. मुदत उलटल्यावर नुसतं "बाकी मान्य आहे" लिहून घेतलं तर कलम 18 चा उपयोग होत नाही, म्हणजे 2,40,000 रुपयांचा दावा अडकतो.

यावर वाट आहे. कॉन्ट्रॅक्ट अॅक्टच्या कलम 25(3) नुसार मुदतबाह्य देणं फेडण्याचं लेखी, सही केलेलं वचन हा नवा करार ठरतो. पण त्यात "देईन" हे स्पष्ट हवं. "बाकी आहे" म्हणजे कबुली आणि "देईन" म्हणजे वचन. पत्रात दोन्ही वाक्यं घ्या, म्हणजे एखादं बिल मुदतीत होतं की नाही यावरच सगळं अवलंबून राहत नाही.

काही जण यावर भलताच तोडगा काढतात आणि सहीखाली जुलैच्या आधीची तारीख टाकून घेतात. हे अजिबात करू नका. स्टॅम्प पेपरवर तो विकल्याची तारीख असते. ऑगस्टमध्ये घेतलेल्या कागदावर जूनची सही दिसली की कागद तर जातोच, शिवाय खोटा दस्तऐवज केल्याचं प्रकरण मागे लागतं. 25(3) ची सरळ वाट असताना ही जोखीम कशाला?

दुसरी चूक सहीची. पार्टीच्या अकाउंटंटने बॅलन्स कन्फर्मेशनवर शिक्का मारून सही केली, तर पुढे "त्याला अधिकारच नव्हता" हे उत्तर ठरलेलं. प्रोप्रायटर असेल तर त्याची स्वतःची सही घ्या. कंपनी असेल तर संचालकाची "कंपनीतर्फे" सही आणि शक्य असेल तर ठरावाची प्रत घ्या. भागीदारी फर्म असेल तर सगळ्या भागीदारांच्या सह्या घेतलेल्या बऱ्या. सहीशेजारी तारीख त्यांच्याच हस्ताक्षरात असावी.

"हिशेब जुळवून रक्कम कळवतो" किंवा "लवकरच देतो" असली वाक्यं टाळा. पहिल्यात देणं मान्य केलेलं नाही आणि दुसऱ्यात तारीख नाही. हप्ते ठरले असतील तर एक हप्ता चुकल्यास पूर्ण बाकी लगेच देय होईल, हे लिहा. नाहीतर पहिलाच हप्ता चुकला तरी पुढच्या हप्त्यांसाठी त्यांच्या तारखांची वाट पाहावी लागते.

मुद्रांकाचंही बघा. परतफेडीचं वचन किंवा व्याज घातलं की कागद नुसती कबुली राहत नाही, त्याला करारासारखा मुद्रांक लागू शकतो. महाराष्ट्रात ऑक्टोबर 2024 पासून बऱ्याच दस्तांचा 100 रुपयांचा मुद्रांक 500 झाला आहे, तेव्हा जुन्या सवयीने 100 चा कागद आणू नका. कमी मुद्रांकाचा कागद कोर्ट फरक आणि दंड भरल्याशिवाय पुराव्यात घेत नाही. नेमका दर सहीआधी वकिलाकडून बघून घ्या.

वरच्या उदाहरणात मजकूर साधारण असा हवा होता:

"आपल्या दि. 12 जून 2022 (2,40,000 रु.) व दि. 5 सप्टेंबर 2022 (1,85,000 रु.) या बिलांपोटी आज रोजी मी एकूण 4,25,000 (चार लाख पंचवीस हजार) रुपये देणे लागतो, हे मला मान्य आहे. यापैकी कोणत्याही बिलाची दाव्याची मुदत संपली असली तरी ही संपूर्ण रक्कम देण्याचे मी वचन देतो. 10 सप्टेंबर 2025 पासून 10 जानेवारी 2026 पर्यंत दर महिन्याच्या 10 तारखेला 85,000 रुपयांप्रमाणे पाच हप्ते बँकेत जमा करीन. एक हप्ता चुकल्यास उरलेली सर्व रक्कम तात्काळ देय राहील."

खाली पूर्ण नाव, पत्ता, सही, तारीख आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. मूळ कागद तुमच्याकडे राहील, झेरॉक्स त्यांना द्या.