रिव्ह्यूची पहिली ओळ शेवटी लिहा

"बेळगावात असलं जेवण कुठंच नाही!!" किंवा "इथं जायच्या आधी हे वाचाच", असल्या ओळीतून जायचं की नाही तेच कळत नाही बघा.

आधी सगळा रिव्ह्यू लिहा, मग स्वतःला विचारा, परत जाणार काय, आणि कशामुळं अडेल? तेच उत्तर वर टाका. समजा टिळकवाडीतली खानावळ, रस्सा झकास, भाकरी गरम, पण रविवारी पाऊण तास ताटकळत बसवलं, तर लिहायचं: "मटण थाळीसाठी परत जाणार, पण रविवारी लहान पोरं घेऊन नको."

"पण"च्या पुढं सगळ्यात मोठी अडचणच येऊ दे, लोणचं खारट होतं ते खाली लिहा.

एकदाच गेला असाल तर "एकदाच गेलोय" हे त्याच ओळीत घाला, आणि "परत जाणार" लिहून दोनच स्टार देऊ नका, वाचणारा गोंधळतो.