खिल्लार, देवणी, उस्मानाबादी: जात ओळखताना या चुका टाळा

खरसुंडीच्या बाजारात पांढरं जनावर दिसलं की आपण ते खिल्लार ठरवून मोकळे होतो. नजर आधी रंगावर जाते, आणि फसगत तिथेच होते. रंग शेवटी बघा. आधी वशिंड, मग शिंग, मग कान.

रंगाची गंमत खिल्लारातच बघा. नुकत्याच जन्मलेल्या वासराच्या डोक्यावर तांबूस छटा असते. "हे मिसळीचं दिसतंय" म्हणून लोक ते नाकारतात, पण दोनेक महिन्यांत ती छटा निघून जाते. वळूची मान आणि वशिंड काळपट असतं, तर खच्ची केलेला बैल बराच फिकट दिसतो. म्हणून दोघे वेगळ्या जातीचे होत नाहीत. खिल्लाराचा चेहरा लांब आणि चिंचोळा, कान लहान. शिंगं बुडाशी जवळजवळ उगवतात, मागे जातात आणि धनुष्यासारखी वर वळून टोकाला निमुळती होतात. बाजारात आणण्याआधी शिंगं तासून, तेल लावून चकचकीत करतात, त्यामुळे टोकावर विश्वास ठेवू नका. बूड बघा, ते तासून बदलत नाही.

आता काळी-पांढरी गाय घ्या. विकणारा म्हणतो, "अस्सल देवणी आहे." गाईला सपाट जागेवर उभी करा आणि बाजूने बघा. देवणीला खांद्यावर वशिंड स्पष्ट दिसतं, गळ्याखाली पोळी सुटलेली असते, कान लांब आणि लोंबते. पाठ मानेपासून शेपटीपर्यंत सरळ असेल आणि कान आडवे असतील, तर ती होल्स्टिन संकर आहे, ठिपके कितीही छान असोत. गडबड होते ती अर्धवट वशिंडाची. देशी गाईच्या संकरातही थोडा उंचवटा राहतो, म्हणून एका खुणेवर सौदा करू नका.

लाल गाय, लांब कान, म्हणजे गीर? लाल कंधारीही लाल असते. गीरचं कपाळ घुमटासारखं पुढे आलेलं असतं, कान पानासारखे लांब आणि टोकाशी दुमडलेले, शिंगं खाली-मागे जाऊन वर वळतात. कपाळ सपाट असेल तर गीर म्हणून जादा पैसे देऊ नका.

शेळीतही हेच. काळी म्हणजे उस्मानाबादी, असं नाही. उस्मानाबादीचे कान साधारण वीतभर, नाक बऱ्यापैकी सरळ. काही शेळ्या बिनशिंगीही असतात. नाक पोपटासारखं बाकदार आणि कान त्याहून बरेच लांब असतील, तर बीटल किंवा जमनापारीचं रक्त धरा. आणि जत भागात एक वेगळाच घोटाळा होतो: माडग्याळ ही मेंढी आहे, पण लांब कान आणि बाकदार नाक बघून नवखा माणूस तिला शेळी समजतो. शेपूट बघा, शेळीची वर असते, मेंढीची खाली लोंबते.

एवढं करूनही शंका राहिली, तर विकणाऱ्याकडे आई दाखवा म्हणा. वासराच्या खुणा कच्च्या असतात, आईच्या पक्क्या.