स्क्रीनशॉट पुरावा म्हणून नाकारला जात होता : माझा अनुभव

विक्रेत्याशी झालेल्या संभाषणाचे मोबाइलवरील स्क्रीनशॉट तक्रारीत ग्राह्य धरले गेले नाहीत, कारण संदेशांवर तारखेऐवजी केवळ ‘काल’ असे दिसत होते. संपूर्ण पान टिपणाऱ्या सुविधेने संभाषण आले, पण पत्तापट्टी आणि घड्याळ गळाले. फार मनस्ताप झाला.

अखेर तेच संभाषण संगणकावर क्रोममध्ये उघडले. पत्तापट्टीवर उजवी कळ दाबून `Always show full URLs` निवडले, संदेशावर माउस नेताच पूर्ण तारीख व वेळ उमटते हे पाहिले आणि टास्कबारवरील घड्याळासह संपूर्ण पडदा `Windows + PrtScn` दाबून टिपला. संभाषणाच्या पहिल्या संदेशापासून सुरुवात करून, प्रत्येक चित्रातील शेवटचा संदेश पुढच्या चित्रात सर्वांत वर येईल इतकेच पान सरकवले, म्हणजे मधला मजकूर वगळल्याची शंका उरत नाही. मूळ फाइली न कापता, त्यांवर खुणा न करता जपल्या आणि मूळ संभाषणही खात्यात तसेच ठेवले, कारण चित्रावर आक्षेप आल्यास पडताळणी त्यावरूनच होते.