दहावीनंतरच्या शाखांची स्लाइड बनवताय? या चुका टाळा

दहावीच्या मुलांसाठी मी पहिल्यांदा स्लाइड केल्या तेव्हा तीन रकाने आखले, विज्ञान, वाणिज्य आणि कला, आणि प्रत्येकाखाली नोकऱ्यांची नावं लिहिली. वकील आणि कलेक्टर कलेखाली गेले, सीए वाणिज्याखाली. दिसायला छान, पण चुकीचं. पाच वर्षांच्या वकिलीला कुठल्याही शाखेची बारावी चालते, सीए फाउंडेशनलाही चालते आणि यूपीएससीला कुठलीही पदवी. विज्ञान घेणाऱ्या मुलीला मात्र त्या स्लाइडवरून वाटतं की वकिली आपल्यासाठी नाही.

याहून महाग पडली ती दुसरी चूक. ‘विज्ञान’ हा मी एकच रकाना धरला आणि त्यात ‘एनडीए’ लिहिलं. एका मुलाला हवाई दलात जायचं होतं. दहावीत गणितानं दमवलं होतं, म्हणून त्यानं अकरावीला गणित सोडून जीवशास्त्र घेतलं. एनडीएतून सैन्यात जायला कुठल्याही शाखेची बारावी चालते, पण हवाई दल आणि नौदलाला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतंच. त्याला हे कळलं तेव्हा अकरावीचं अर्धं वर्ष सरलं होतं. शाखा बरोबर होती, विषय चुकला होता, आणि स्लाइडवर विषयांना जागाच नव्हती.

आता मी रकान्यांच्या डोक्यावर शाखा लिहीतच नाही, विषय लिहितो:

| जायचं कुठे | गणित सोडलं तर | जीवशास्त्र सोडलं तर |
|---|---|---|
| इंजिनिअरिंग | अडेल | चालेल |
| एमबीबीएस | चालेल | अडेल |
| फार्मसी | चालेल | चालेल |
| एनडीए, हवाई दल | अडेल | चालेल |

फार्मसीत दोन्ही ‘चालेल’ म्हणजे दोन्ही विषय एकदम सोडता येतात असं नव्हे. भौतिक आणि रसायनसोबत दोन्हींपैकी एक हवाच. हे तोंडी सांगून भागत नाही, तक्त्याखाली लिहावंच लागतं. वाणिज्यासाठीही असाच तक्ता करा, कारण गणित घ्यायचं की एस. पी. म्हणजे सेक्रेटरियल प्रॅक्टिस, हे तिथेही अकरावीलाच ठरतं.

पॉलिटेक्निक आणि आयटीआय शेवटच्या स्लाइडवर ‘इतर पर्याय’ म्हणून ढकलू नका. तिथे ठेवलं की मुलं त्याचा अर्थ ‘मार्क कमी पडले तर’ असाच लावतात. तीन वर्षांच्या डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियन ट्रेड केलेल्यालाही डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाची वाट आहे. अकरावी-बारावीच्या शेजारीच, त्याच अक्षरात, वर्षं मोजून दाखवा.

स्लाइड जमली का, हे टाळ्यांवरून कळत नाही. प्रोजेक्टर बंद करून कोरे कागद वाटा आणि एवढंच विचारा: ‘तू जो विषय सोडणार आहेस, त्यामुळे तुझी कोणती वाट बंद होते?’ मागच्या बाकांवरून कोरे कागद परत आले, तर आधी अक्षराचा आकार वाढवा. पुढच्या बाकांवरूनही आले, तर तक्ताच पुन्हा मांडा.