गायचंय, पण माइकचं बटणच नाही? या चुका टाळा

मुलुंडला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर कोजागरीला मसाला दुधाबरोबर गाणी असतात. मिक्सर आणि स्पीकर माझ्या गळ्यात पडलेले आहेत, त्यामुळे दरवर्षी कुणीतरी फोन पुढे करून तोच प्रश्न विचारतं. यंदा शेजारच्या काकू होत्या. "अरे, त्या नवीन सिनेमाच्या गाण्याला माइक येतो, आवाज कमी करता येतो. माझ्या भावगीताला येतच नाही. फोन बिघडलाय का?"

फोन बिघडलेला नव्हता. काकू अ‍ॅपल म्युझिक सिंगबद्दल बोलत होत्या. अ‍ॅपल म्युझिक या पैसे भरून गाणी ऐकायच्या अ‍ॅपमध्ये डिसेंबर 2022 मध्ये आलेली ही सोय: गाण्याचे शब्द तालाबरोबर उजळत जातात आणि माइकच्या बटणावर दाबलं की एक पट्टी येते, ती खाली ओढली की मूळ गायकाचा आवाज मागे जातो. यासाठी आयफोन 11 किंवा त्यानंतरचा फोन आणि आयओएस 16.2 किंवा पुढची आवृत्ती लागते. टीव्हीवर हवं असेल तर 2022 चा तिसऱ्या पिढीचा अ‍ॅपल टीव्ही 4के किंवा त्यानंतरचा. आवाज वेगळा काढायचं गणित यंत्रातच होतं, म्हणून जुन्या फोनवर ते बटण दिसतच नाही.

पहिली चूक इथेच होते. बटण दिसलं नाही की लोक फोन बंद करून चालू करतात, अ‍ॅप काढून पुन्हा टाकतात, आणि डाउनलोड केलेली सगळी गाणी घालवून बसतात. त्याआधी, ज्या गाण्याला माइक येतो हे माहीत आहे असं एक गाणं लावा, तेही फोनच्याच स्पीकरवर. तिथे माइक दिसला तर फोन, आवृत्ती आणि सदस्यत्व तिन्ही ठीक आहेत. काकूंच्या फोनवर नव्या गाण्याला माइक आला, म्हणजे गोष्ट त्या भावगीताचीच होती.

मग त्या गाण्यावर अवतरणचिन्हाचं बटण बघा, तेच शब्दांचं बटण. ते फिकट असेल तर गाण्याला शब्दच जोडलेले नाहीत. शब्द दिसतात पण कागदावर छापल्यासारखे स्थिर राहतात, बोटानेच सरकवावे लागतात, तर शब्द आहेत पण त्यांना वेळ लावलेली नाही. दोन्ही वेळा माइक येणार नाही, कारण ही सोय वेळ लावलेल्या शब्दांवर उभी आहे. तुमच्या संगणकावरून स्वतः चढवलेल्या एमपीथ्रीचंही तसंच.

शब्द आणि ध्वनिमुद्रण ही दोन वेगळी कामं आहेत आणि दोन वेगळ्या वाटांनी येतात, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. गाणं वितरकाकडून येतं, शब्द वेगळे द्यावे लागतात, आणि कुठला शब्द कितव्या सेकंदाला सुरू होतो हे कुणीतरी बसून लावावं लागतं. नव्या सिनेमाच्या गाण्यासाठी कंपनी सहसा ते करून देते. साठ वर्षांपूर्वीच्या भावगीतासाठी ते कोण करणार?

त्यात हक्कांची गुंतागुंत. आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षं चालतो, पण कवितेवरचा हक्क कवीच्या निधनानंतर 60 वर्षं. समजा, गाणं 1955 साली प्रकाशित झालं आणि कवी 1977 साली गेले. मुद्रणाचा हक्क 2015 च्या अखेरीस संपला, म्हणून तीच तबकडी संग्रहात घालायला मुद्रण करणाऱ्या कंपनीची परवानगी लागत नाही. शब्दांचा हक्क मात्र 2037 च्या अखेरपर्यंत वारसांकडे किंवा ज्यांना तो दिला त्यांच्याकडे. त्यामुळे एकच जुनं गाणं दहा अल्बममध्ये सापडतं आणि शब्द त्यातल्या एखाद्यालाच असतात, कधी एकालाही नसतात.

यातूनच खरा उपाय निघतो, आणि तो न करणं ही दुसरी चूक. पहिल्या सापडलेल्या गाण्यावर थांबू नका. शोधात गाण्याच्या मुखड्याबरोबर गायिकेचं नाव टाका आणि निघतील ती सगळी रूपं एकेक करून उघडा: मूळ अल्बम, सदाबहार गाण्यांचे संग्रह, नंतर सफाई करून आणलेली आवृत्ती. आम्ही काकूंच्या गाण्याची चार रूपं उघडली. पहिल्या दोनांना शब्द नव्हते, तिसऱ्याचे शब्द स्थिर होते, चौथ्या संग्रहात शब्द हलले आणि माइक आला. फक्त कालावधी बघून घ्या: मूळ गाणं सव्वातीन मिनिटांचं आणि तुमच्या हातातलं साडेपाच मिनिटांचं असेल तर ते दुसऱ्याच कुणीतरी गायलेलं किंवा कार्यक्रमातलं असण्याची शक्यता जास्त.

काकूंनी लगेच पट्टी पार तळाला ओढली. ही तिसरी चूक. आवाज पूर्ण जात नाही. लांबून, पाण्याखालून आल्यासारखा त्याचा मागमूस राहतो. जुन्या भावगीतात व्हायोलिन किंवा बासरी गळ्याच्या मागोमाग तीच ओळ वाजवते, हार्मोनियम तर जवळजवळ सतत. आवाजाबरोबर त्यांचाही थोडा भाग कापला जातो आणि वाद्यं मधेच श्वास लागल्यासारखी डगमगतात. पट्टी निम्म्याच्या थोडी खाली ठेवली की गायिका मागे राहते, वाद्यं धड राहतात आणि गाणाऱ्याला चालीचा आधारही मिळतो. आम्ही तिथेच ठेवली.

याच संदर्भात, "आवाज काढून देतो" म्हणणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका. ती डाव्या बाजूतून उजवी बाजू वजा करतात, म्हणजे मधोमध बसवलेला आवाज जातो. पण 1955 चं गाणं मोनो असतं, दोन्ही बाजूंना तेच. वजा केलं की हातात काय राहणार? शांतता. मी एकदा अर्धा तास स्पीकरची वायर तपासत बसलो होतो.

चौथी अडचण बटणाची नाही, गळ्याची आहे. मूळ गाणं काळी पाचमध्ये, काकूंची गायची पट्टी, म्हणजे त्यांचा सूर, काळी तीन, म्हणजे पेटीवर चार घरं खाली. अ‍ॅपल म्युझिक सिंगमध्ये आवाज कमी करता येतो, सुराची पट्टी बदलता येत नाही. अंतऱ्यावर काकूंचा आवाज चिरकला तेव्हा आमच्या हे लक्षात आलं. सराव करतानाच अंतरा गाऊन बघा, मुखडा नव्हे. वरचे स्वर तिथेच असतात. पोचत नसेल तर पट्टी बदलून देणाऱ्याकडून तयार कराओके ट्रॅक घ्या, किंवा कुणीतरी पेटीवर बसा.

आणि हातातला माइक ब्लूटूथ स्पीकरला जोडत असाल तर नको. तुमचा आवाज क्षणभर उशिरा परत येतो, तुम्ही त्याची वाट बघत रेंगाळता आणि दोष शब्दांना देता. माइक वायरने मिक्सरला आणि फोनही वायरनेच त्याच मिक्सरला जोडा.

दुसऱ्या फेरीत काकूंनी तेच भावगीत पहिल्या मजल्यावरच्या आजोबांच्या पेटीवर, काळी तीनमध्ये गायलं. फोन समोर होता, पण फक्त शब्दांसाठी. दुसरं कडवं त्यांना पाठ नव्हतं.