एडिटिंग करताना ब्लूटूथ हेडफोनवर विसंबू नका

टाइमलाइनवर टाळी दिसते आधी आणि ऐकू येते नंतर, म्हणून ऑडिओ क्लिप डावीकडे, म्हणजे आधीच्या वेळेकडे सरकवू नका. चूक बहुधा हेडफोनची असते. ब्लूटूथवर आवाज दाबून पाठवण्याची पद्धत म्हणजे कोडेक; एसबीसी किंवा एएसी कोडेकवर आवाज साधारण 200 मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, म्हणजे 25 फ्रेमच्या व्हिडिओत तब्बल पाच फ्रेम. नुसता व्हिडिओ बघताना बरेच प्लेअर चित्र तेवढं थांबवून जुळवून घेतात. एडिटिंग सॉफ्टवेअर सहसा तसं करत नाही. एपीटीएक्स लो लेटन्सीवर हा उशीर 40 मिलिसेकंदांच्या आसपास येतो, पण ते कोडेक दोन्ही उपकरणांत हवं. खात्री करायची तर वेव्हफॉर्ममधलं टाळीचं टोक हात जुळण्याच्या फ्रेमवर आहे का ते बघा. कट मात्र वायरच्या हेडफोनवरच ठरवा.