तिन्ही दिशांनी बल लागलेल्या ठोकळ्याचे घनफळ किती बदलते, ते कसे काढावे

पोलादाचा एक भरीव ठोकळा घेऊ. लांबी २०० मिमी, रुंदी १०० मिमी, जाडी ५० मिमी. लांबीच्या दिशेने तो ४०० किलोन्यूटनने ओढला जातो, रुंदीच्या दिशेने ६०० किलोन्यूटनने दाबला जातो आणि जाडीच्या दिशेने ८०० किलोन्यूटनने ओढला जातो. प्रत्येक बल समोरासमोरच्या दोन पृष्ठांवर सारखे पसरलेले आहे. ठोकळ्याचे घनफळ वाढेल की घटेल, आणि किती?

लांबीच्या दिशेला x, रुंदीच्या दिशेला y आणि जाडीच्या दिशेला z म्हणू. पोलादाचा यंग मॉड्युलस E २,००,००० मेगापास्कल आणि पॉयसन रेशो ν ०.३ धरू. मापे मिलिमीटरमध्ये आणि बल न्यूटनमध्ये ठेवले की स्ट्रेस, म्हणजे एकक क्षेत्रफळावरचे बल, आपोआप मेगापास्कलमध्ये येतो. त्यामुळे सुरुवातीलाच किलोन्यूटनचे न्यूटन करून टाका, पुढे एककांचा घोळ होत नाही.

आधी स्ट्रेस

बलाला कोणत्या क्षेत्रफळाने भागायचे, इथेच बहुतेक उत्तरे चुकतात. बल ज्या दिशेने आहे त्या दिशेचे माप बाजूला ठेवायचे आणि उरलेल्या दोन मापांचा गुणाकार करायचा. लांबीच्या दिशेचे बल १०० × ५० च्या पृष्ठावर लागते, रुंदीच्या दिशेचे २०० × ५० च्या आणि जाडीच्या दिशेचे २०० × १०० च्या. ओढ धन, दाब ऋण, हे चिन्ह इथेच लावा आणि शेवटपर्यंत सोडू नका.

```
σx = +400000 / (100 × 50)  = +80 MPa
σy = −600000 / (200 × 50)  = −60 MPa
σz = +800000 / (200 × 100) = +40 MPa
```

८०० किलोन्यूटनचे बल तिघांत सर्वांत मोठे असूनही त्याचा स्ट्रेस सर्वांत लहान आला, कारण ते सर्वांत मोठ्या पृष्ठावर पसरले आहे. म्हणूनच नुसत्या बलांची बेरीज-वजाबाकी करून घनफळाबद्दल काहीही ठरवता येत नाही.

मग प्रत्येक दिशेचा स्ट्रेन

रॉबर्ट हूकने १६७८ मध्ये मांडलेला नियम एकाच दिशेचा आहे: जितका ताण, तितक्या प्रमाणात लांबी वाढते. पण सळई ओढली की ती लांब होताना बारीकही होते. लांबीत जेवढा स्ट्रेन, म्हणजे मूळ मापाच्या प्रमाणात बदल, येतो, त्याच्या ν पट स्ट्रेन आडव्या दोन्ही दिशांना उलट चिन्हाने येतो. तिन्ही दिशांना बल असेल तर प्रत्येक दिशेच्या स्ट्रेनमध्ये तीन वाटे असतात. एक वाटा तिच्या स्वतःच्या स्ट्रेसचा, आणि उरलेले दोन इतर दोन दिशांच्या स्ट्रेसमुळे आलेले. हे तिन्ही वाटे बेरजेने एकत्र केले की झाला व्यापक हूकचा नियम.

```
εx = [σx − ν(σy + σz)] / E
εy = [σy − ν(σz + σx)] / E
εz = [σz − ν(σx + σy)] / E
```

आता आपले आकडे घालू.

```
εx = [80 − 0.3(−60 + 40)] / 200000 = +86/200000 = +0.00043
εy = [−60 − 0.3(40 + 80)] / 200000 = −96/200000 = −0.00048
εz = [40 − 0.3(80 − 60)] / 200000  = +34/200000 = +0.00017
```

पहिली ओळ जरा थांबून वाचा. लांबीच्या दिशेचा स्ट्रेस ८०, पण स्ट्रेन मात्र ८६ च्या हिशेबाने आला. रुंदीकडून दाब पडतो तेव्हा ठोकळा लांबीकडे सरकू पाहतो आणि ओढीला मदत करतो. जाडीकडची ओढ मात्र थोडी उलट जाते. कंसातले −६० चुकून +६० घेतले, तर कंसात १०० होतात, ८६ च्या जागी ५० येतात, आणि उत्तर दिसायला अगदी साधेसुधे दिसते. म्हणून आकडा लिहिल्यावर स्वतःला विचारा: शेजारच्या दिशेला दाब आहे, तर या दिशेला वाढ व्हायला हवी, झाली का?

स्ट्रेनपासून घनफळाकडे

मूळ घनफळ २०० × १०० × ५० म्हणजे १०,००,००० घन मिमी. प्रत्येक माप आपापल्या स्ट्रेनने बदलले की नवे घनफळ (1+εx)(1+εy)(1+εz) पट होते. हे कंस सोडवले की पहिल्या घाताची तीन पदे उरतात, आणि बाकीची पदे स्ट्रेनच्या गुणाकारांची, म्हणजे अतिशय लहान. ती सोडली की घनफळाचा स्ट्रेन म्हणजे तिन्ही स्ट्रेनची बेरीज.

```
εv = 0.00043 − 0.00048 + 0.00017 = +0.00012
ΔV = 0.00012 × 1000000 = +120 mm³
```

ठोकळ्याचे घनफळ १२० घन मिमीने वाढले, म्हणजे पाण्याच्या दोन-तीन थेंबांएवढे. सोडून दिलेली पदे खरोखर सोडण्याजोगी होती का, हेही पाहता येते. बदललेली मापे २००.०८६, ९९.९५२ आणि ५०.००८५ मिमी, त्यांचा थेट गुणाकार केला तर वाढ ११९.७९ घन मिमी येते. फरक पाव घन मिमीसुद्धा नाही.

एका ओळीचा ताळा

तिन्ही समीकरणांची बेरीज केली तर प्रत्येक स्ट्रेस एकदा पूर्ण आणि दोनदा −ν पट येतो. त्यातून सुटसुटीत सूत्र मिळते.

```
εv = (1 − 2ν)(σx + σy + σz) / E
   = 0.4 × 60 / 200000 = 0.00012
```

मग सुरुवातीलाच हे का वापरले नाही? फक्त घनफळ हवे असेल तर जरूर वापरा. पण या सूत्रात स्ट्रेसची केवळ बेरीज लागते; x आणि z ची अदलाबदल झाली तरी उत्तर तेच येते. प्रत्येक माप किती बदलले हे त्यातून कळत नाही. माझ्या मते तीन ओळींची रीत आधी आणि हे सूत्र ताळ्यासाठी, हाच क्रम बरा. मात्र लक्षात असू द्या, क्षेत्रफळ चुकले असेल तर दोन्ही रीतींची उत्तरे जुळतील आणि तरीही चूकच असतील. ताळा स्ट्रेसपासून पुढच्या गणिताचा होतो, मागच्याचा नाही.

याच सूत्रातून आणखी एक प्रश्न लगेच सुटतो, जो परीक्षेत हमखास येतो: घनफळ अजिबात बदलू नये म्हणून रुंदीकडचा दाब किती हवा? बेरीज शून्य व्हायला σy −१२० मेगापास्कल लागेल, म्हणजे बल १२०० किलोन्यूटन. तेव्हाही ठोकळ्याची तिन्ही मापे बदलतात, फक्त वाढ आणि घट एकमेकांना पुरून उरत नाहीत.

पॉयसन रेशो जपून निवडा

१२० हा आकडा ν वर किती अवलंबून आहे ते पाहण्यासारखे आहे. ०.३ ऐवजी ०.२५ घ्या, (1 − 2ν) ०.४ वरून ०.५ होतो आणि उत्तर १२० वरून थेट १५० वर जाते. त्याच बदलाने लांबीचा स्ट्रेन फक्त ८६ वरून ८५ च्या हिशेबावर येतो. म्हणजे लांबीसाठी क्षुल्लक असलेली चूक घनफळात पंचवीस टक्क्यांची होते. ०.२५ हा आकडा मी उगाच घेतलेला नाही. १८२० च्या दशकात पॉयसनच्या सिद्धांतातून सर्व समदिक पदार्थांसाठी नेमका १/४ हाच रेशो निघत होता. पुढे मोजमापांनी दाखवले की तो पदार्थागणिक वेगळा असतो. रबराचा ०.५ च्या अगदी जवळ असतो, म्हणून तिथे हे सूत्र जवळजवळ शून्य देते: रबर दाबले की बाजूने फुगते, घनफळ मात्र जवळपास तेवढेच राहते. अशा पदार्थासाठी अंदाजाने ०.४९ की ०.४९९ घेतले यावर उत्तर दहापट बदलते, तेव्हा घनफळ बदलायला पदार्थ किती विरोध करतो हे थेट सांगणारा, मोजलेला बल्क मॉड्युलसच तिथे वापरावा.

प्रत्यक्ष ठोकळ्यावर स्ट्रेन गेज चिकटवून हे तपासणार असाल तर तापमानाकडे लक्ष ठेवा. पोलादाची लांबी दर अंश सेल्सियसला साधारण ०.००००१२ पट वाढते, घनफळ त्याच्या तिप्पट. हिशेब केला तर आपली १२० घन मिमीची वाढ ठोकळा सव्वातीन-साडेतीन अंशांनी तापल्यावरही होईल. सकाळी शून्य लावून दुपारी वाचन घेतले तर बल कोणते आणि ऊन कोणते, हे वेगळे करता येणार नाही.

हे सगळे पोलाद स्थितिस्थापक मर्यादेत असेपर्यंतच खरे. आपल्या तीन स्ट्रेसवरून फॉन मिझेसचा समतुल्य स्ट्रेस काढला तर तो सुमारे १२५ मेगापास्कल येतो. साध्या पोलादाचे यील्ड, म्हणजे ज्या स्ट्रेसला त्याचा आकार कायमचा बदलू लागतो तो, २५० च्या आसपास असते, तेव्हा इथे चिंता नाही.

भिंती असतील तेव्हा

आता तोच ठोकळा दोन ताठ भिंतींच्या खाचेत बसवू, रुंदीची दोन्ही पृष्ठे भिंतींना टेकलेली. लांबीची टोके मोकळी, भिंतींवर घर्षण नाही, आणि जाडीच्या दिशेने २००० किलोन्यूटनचा दाब, म्हणजे σz −१०० मेगापास्कल. रुंदीच्या दिशेने आपण काही लावलेले नाही म्हणून σy शून्य लिहिणे, ही इथली नेहमीची चूक. ठोकळा रुंदीला फुगू पाहतो आणि भिंती त्याला अडवतात. अडवणे म्हणजे दाबच. इथे स्ट्रेस माहीत नाही, पण स्ट्रेन माहीत आहे: εy = 0. दुसऱ्या समीकरणात तो घाला.

```
0 = σy − 0.3(−100 + 0)   →   σy = −30 MPa
εv = 0.4 × (0 − 30 − 100) / 200000 = −0.00026
ΔV = −260 mm³
```

भिंतींचा दाब विसरला असता तर घट २०० घन मिमीच आली असती.

पण भिंती खरोखर टेकलेल्या आहेत का? मोकळा सोडला तर हा ठोकळा रुंदीला ०.३ × १०० / २,००,००० पट, म्हणजे १०० मिमीत ०.०१५ मिमी फुगतो. दोन्ही बाजूंची मिळून एकूण फट याहून जास्त असेल, तर ठोकळा भिंतींपर्यंत पोचतच नाही, σy शून्यच राहतो आणि २०० हेच बरोबर उत्तर ठरते. वर्कशॉपमधल्या नेहमीच्या फिलर गेजची सर्वांत पातळ पातीही साधारणपणे याहून जाड असते, त्यामुळे पाती आत जात नाही एवढ्यावरून फट नाही असे धरू नका. खाचेची आणि ठोकळ्याची रुंदी मायक्रॉनपर्यंत वाचणाऱ्या उपकरणाने वेगवेगळी मोजा, त्यांचा फरक घ्या आणि मगच दोन्हींपैकी कोणते गणित लावायचे ते ठरवा.